गाय उठत नाही, तेव्हा आधी तिच्याखालची जमीन बदला

डॉक्टर, माझी चौथ्या वेताची गाय परवा रात्री व्याली. वासरू मोठं होतं, दोघांनी मिळून ओढून काढावं लागलं. पहाटे बघितलं तर बसलेलीच, मान कुशीकडे वळवलेली, कान गार. आमच्या डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमचं सलाईन लावलं. तासाभरात कान गरम झाले, तिनं शेण टाकलं, आता चाराही खाते. पण मागचं अंग उचलत नाही. काल संध्याकाळी पुन्हा सलाईन झालं, तरी तेच. ती गोठ्यात कोब्यावरच बसून आहे. घरचे म्हणतात, पोटाखालून दोर घालून, वरच्या तुळईला कप्पी लावून उभी करू, म्हणजे पायात बळ येईल. करावं का? आणि तोवर तिला कसं सांभाळू?

ताई, आज दोर-कप्पी नको. आज वाळू हवी.

गाय खाली का बसली आणि ती अजून का उठत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या रात्री ती बसली ती दुग्धज्वरानं. व्यायल्यावर कासेत दूध उतरतं, त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम झपाट्यानं ओढलं जातं आणि स्नायूंना आकुंचन पावता येईनासं होतं. मान कुशीकडे वळणं, कान गार पडणं, शेण थांबणं ही त्याचीच लक्षणं. सलाईननंतर कान तापले, शेण आलं, ती खायला लागली, याचा अर्थ त्या औषधानं त्याचं काम केलं. तरीही ती बसून आहे, म्हणजे आता तिला खाली धरून ठेवणारं कारण दुसरं आहे. आणखी एक बाटली चढवून पाहू, असं घरातल्या कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. गरज नसताना शिरेतून गेलेलं जादा कॅल्शियम हृदय बंद पाडू शकतं. स्फुरद वगैरे दुसरं काही कमी आहे का, हे तुमच्या डॉक्टरांनाच तपासू द्या.

दुसरं कारण बहुतेक वेळा तिच्याच वजनात आणि तिच्याखालच्या कोब्यात असतं. पाचशे किलोची गाय डाव्या पुठ्ठ्यावर बसली, की डावी मांडी एका बाजूनं हाड आणि दुसऱ्या बाजूनं सिमेंट यांच्यामध्ये चिरडली जाते. मांडीच्या मांसाला रक्त पोचत नाही. मग ते सुजतं. पण मांडीचं मांस एका घट्ट वेष्टनात असतं, त्याला फुगायला जागा नसते, त्यामुळे सूजच उरलेलं रक्त अडवते. पायाकडे जाणारी जाड नसही तिथूनच जाते, तीही दबते. माणसाच्या पायाला मुंग्या आल्या तर तो चटकन बाजू बदलतो. आजारी गाईला ते जमत नाही. कठीण जमिनीवर एकाच कुशीवर सहा तास गेले, तरी काही गाईंच्या पायाचं नुकसान कायमचं होतं. तुमची गाय दीड दिवस कोब्यावर आहे. लघवी लालसर किंवा चहाच्या काढ्यासारखी तपकिरी दिसत असेल, तर मांडीचं मांस मोडू लागलं आहे असं समजा आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

वासरू ओढावं लागलं, ही गोष्टही मी बाजूला ठेवणार नाही. मोठं वासरू कमरेच्या हाडांतून येताना तिथल्या नसा दाबून जातं. अशा गाईचे मागचे पाय उठताना बेडकासारखे बाहेर फाकतात किंवा खुराच्या वरचा सांधा पुढे मुडपून ती पायाच्या पुढच्या बाजूवर टेकते. या दुखापती बऱ्याचदा काही दिवसांत सुधारतात, पण तेवढे दिवस तिला नीट सांभाळलं तरच. म्हणून डॉक्टरांना उद्या पुन्हा बोलवा आणि या वेळी मागचं अंग तपासायला सांगा: खुबा निखळला आहे का, कमरेचं हाड मोडलं आहे का, मागच्या पायाची पोटरी फाटली आहे का. कास आणि गर्भाशयही बघायला सांगा, कारण जोराचा कासदाह किंवा गर्भाशयातला पू एवढ्यावरही गाय अशी बसून राहते.

आता वाळू. तिच्यासाठी निदान तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद जागा करा आणि त्यात 30 सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, जाड वाळू भरा. हिशेब केला तर ही पावणेतीन घनमीटर वाळू होते, म्हणजे दोन-चार पाट्यांचं हे काम नव्हे. वाळूच का, तर ती तिच्या अंगाच्या आकारानं खाली बसते आणि वजन एका हाडावर न येता सगळ्या मांडीवर पसरतं. लघवी खाली झिरपून जाते. आणि उठायची धडपड करताना खूर वाळूत रुततो, सटकत नाही. कोब्यावर तोच खूर घसरतो, पाय फाकतात आणि मांडीच्या आतलं मांस फाटतं. वर कोरड्या पेंढ्याचा थर दिलात तर तिला ऊबही राहील.

वाळू मिळणं शक्यच नसेल तर गोठ्याबाहेरची भुसभुशीत, कोरडी, सपाट जमीन कोब्यापेक्षा चांगली. तिच्यावर गुडघ्यापर्यंत पेंढा पसरा. कोब्यावर नुसता पेंढा टाकून मात्र समाधान मानू नका. गाय दोनदा हलली की पेंढा बाजूला सरकतो आणि पुठ्ठा पुन्हा सिमेंटवर येतो. रबराच्या चटईचंही तेच, ती घसरणं थांबवते, दाब थांबवत नाही. बिछाना पुरेसा आहे का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. जिथे गाईचा पुठ्ठा येणार तिथे उभं राहून एकदम आपल्या गुडघ्यावर बसा. गुडघ्याला खालची जमीन लागली, तर तिच्या मांडीलाही लागणार आहे.

दोन गोष्टी या जागेबद्दल लक्षात असू द्या. गाय उठते ती आधी डोकं पुढे झोकून, मागचं अंग उचलून. तिच्या तोंडासमोर भिंत किंवा गव्हाण असेल तर तिला झोकाच घेता येत नाही. समोर दीड-दोन मीटर मोकळं ठेवा. आणि काही गाया पुढच्या पायांनी सरपटत सरकत राहतात. तसं सरकणं चांगलं लक्षण आहे, पण त्या नादात ती वाळू सोडून कोब्यावर जाते. वाळूच्या कडेला भरलेल्या पोत्यांचा बांध घाला.

तिला तिथवर न्यायचं कसं? पाय धरून नाही, गळ्याला दोर बांधून तर मुळीच नाही. जुनं दार, जाड फळी किंवा मजबूत ताडपत्री तिच्या पाठीशी लावा, कूस बदलताना तिला त्यावर घ्या, मोरकी धरून डोकं फळीवरच ठेवा आणि फळी ओढा, गाय नाही. चार-पाच माणसं लागतील. शेजाऱ्यांना कप्पी ओढायला बोलावणार होतात ना, त्यांना याच कामाला लावा.

कूस बदलणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही. दिवसा दर तीन तासांनी, रात्री फार तर चार तासांनी. समजा ती डाव्या पुठ्ठ्यावर बसली आहे. तिचे दोन्ही मागचे पाय उजवीकडे आलेले असतील आणि डावा पाय पोटाखाली दबलेला असेल. एकानं मोरकी धरून डोकं सांभाळावं. दोघांनी तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसावं. एकानं खांदा लावून पुठ्ठा उजवीकडे ढकलावा, आणि तो उचलला गेला की दुसऱ्यानं पोटाखाली हात घालून दबलेला डावा पाय आपल्याकडे बाहेर ओढून घ्यावा. पाय बाहेर आला की अंगाचा भार आपोआप उजव्या पुठ्ठ्यावर जातो. शेपटीला धरून ओढू नका, तिची हाडं सहज निखळतात.

आता खोच इथे आहे. गाईला आपली एक आवडती कूस असते, सहसा कमी दुखणारी. तुम्ही घाम गाळून तिला उजवीकडे कराल, पाठ फिरवाल, आणि पाऊण तासानं ती पुन्हा डावीकडे. म्हणून कूस बदलली की पुठ्ठ्याला लागून दोन वाळूची पोती लावा आणि अर्ध्या तासानं एक चक्कर मारा. कोणत्या वेळी कोणती बाजू, हे खडूनं भिंतीवर लिहा. रात्रीच्या माणसाला दिवसाचं आठवत नसतं.

ती छातीवर बसलेलीच राहिली पाहिजे. सपाट आडवी पसरलेली गाय दिसली तर हातातलं काम टाकून तिला आधी बसती करा आणि खांद्याशी पोती लावून टेका द्या. आडव्या गाईच्या पोटातला वायू ढेकरेतून बाहेर पडत नाही, पोट फुगतं, आणि पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात उतरतं. तासाभरात गाय जाऊ शकते. प्रत्येक वेळी कूस बदलताना मागचं शेण उचला, ओला पेंढा काढा, कास पुसून कोरडी करा. पाय चोळून, दोन-चार वेळा दुमडून सरळ केलेत तर हरकत नाही. तेलाच्या मालिशबद्दल विचाराल, तर तिनं करणाऱ्याला समाधान मिळतं. गाईला कूस बदलल्याचा फायदा अधिक.

खाण्यापिण्यात पाणी पहिलं. उठता न येणारी गाय तहानेली राहते, कारण भांडं तिच्या तोंडाजवळ नसतं किंवा तिनं ते कधीच लवंडलेलं असतं. रुंद, जड, बुटकं घमेलं तिच्या पुढ्यात धरा, दिवसातून पाच-सहा वेळा, पोटभर पिऊ द्या आणि मग उचलून घ्या, नाहीतर बिछाना भिजेल. दिवसाला तीस-चाळीस लिटर प्यायली तर ठीक. दूध देत असेल आणि ऊन असेल तर जास्त लागेल. चांगला वाळलेला चारा आणि हिरवा चारा थोडा थोडा, ताजा, हाताच्या अंतरावर ठेवा, उष्टा काढून टाका. तिच्यात ताकद यावी म्हणून खुराक वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका. चालणं-फिरणं नसलेल्या, अर्धपोटी गाईला एकदम पीठ-पेंड घातली की पोट आंबतं आणि एका दुखण्याचे दोन होतात. आधी जेवढा खुराक होता त्याच्या निम्म्यानं सुरुवात करा.

बाटलीनं तोंडात काही ओतू नका. जी गाय स्वतः पाणी पिते तिला ओतायची गरज नाही, आणि जी पीत नाही तिला नीट गिळताही येत नसण्याची शक्यता मोठी. ते सगळं श्वासनलिकेत जातं. दुधाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळून रिकामी करू नका, वासरापुरतं आणि कासेचा ताण कमी होईल इतकंच काढा. त्यानंतर नेहमीसारखं काढा, कारण बसलेल्या गाईची सडं सतत बिछान्याला टेकलेली असतात आणि तुंबलेल्या कासेत दगडी लवकर होते. दर वेळी पहिली धार हातावर घेऊन गाठी, पाणी, रक्त दिसतं का ते बघा.

आता उचलण्याविषयी. पहिली काही वर्षं मीही गाय दिसली की उचलायच्या मागे असे. एका गाईच्या कमरेच्या दोन उंच हाडांना लोखंडी चिमटा लावून आम्ही तिला वर घेतलं आणि चहाला गेलो. अर्ध्या तासानं आलो तर ती चिमट्यात पोत्यासारखी लोंबत होती, पाय वाकलेले, डोळे थिजलेले. कमरेच्या हाडांवरचं मांस काळंनिळं पडलं होतं. ती कधीच उठली नाही, आणि तिला मूळ आजारानं मारलं की आमच्या चिमट्यानं, हे मला अजून ठाऊक नाही.

तर उचलायचं नाही ते कधी? कारण कळलं नसेल तेव्हा. खुबा निखळला, हाड मोडलं किंवा पोटरी फाटली असेल, तर कधीच नाही; उभं करून ते बरं होत नाही, उलट मोडलेली हाडं आतल्या नसा आणि रक्तवाहिन्या फाडतात. कान गार, गाय मरगळलेली, म्हणजे कॅल्शियम अजून कमी असेल तेव्हाही नाही, कारण तिच्या स्नायूंत उभं राहायची ताकदच नसते. आणि जी गाय स्वतःहून उठायचा प्रयत्नच करत नाही, तिला उचलून बळ येत नसतं. दोर पोटाखाली घालून तर कुठल्याच गाईला उचलू नये. सगळं वजन पोट आणि कास यांवर येतं, छाती दबून श्वास कोंडतो, आणि सुटायला ती धडपडली तर दोर मांडीच्या आत सरकतो.

उचलायचं झालंच तर अशी गाय निवडावी: नजर तरतरीत, खाते-पिते, दिवसातून काही वेळा मागचं अंग हातभर उचलते आणि पुन्हा बसते. साधन छाती आणि मागचं अंग दोन्ही पेलणारं, रुंद पट्ट्यांचं असावं, आणि डॉक्टर किंवा ते वापरायची सवय असलेला माणूस शेजारी असावा. तिच्या चारी खुरांना जमीन लागेल इतकंच वर घ्या. मग बघा. एक-दोन मिनिटांत तिनं पायांवर भार घेतला, तर पट्टे किंचित ढिले करा आणि दहा-पंधरा मिनिटं उभी राहू द्या, दूध काढून घ्या, पाणी पाजा, मग सावकाश वाळूवर उतरवा. भार घेतला नाही आणि ती लोंबकळली, तर वाट बघू नका, लगेच खाली. तिला टांगलेली सोडून कुणीही जागा सोडायची नाही, चहाला तर नाहीच. पाय बेडकासारखे फाकत असतील तर मागच्या दोन पायांना, खुराच्या वर, मऊ रुंद पट्टा असा बांधा की मधलं अंतर दोन-अडीच फूट राहील. चालता येतं, फाकता येत नाही.

तुमच्यासारख्याच एका गाईचं सांगतो. पाचवं वेत, पहाटे कोब्यावर सापडली, सकाळी नऊला कॅल्शियम, अकराला कान गरम. दुपारी तीनपर्यंत उठली नाही, तेव्हा घरच्यांनी संध्याकाळची वाट न पाहता तिला फळीवरून वाळूत नेलं. डाव्या मांडीवर हात फिरवला तर ती उजवीपेक्षा टणक आणि गरम लागत होती. रात्री दहा, एक, चार, सात असं त्यांनी कूस बदलली. डावीकडे थोडा वेळ, उजवीकडे जास्त. दुसऱ्या दिवशी ती नुसतं खात होती, धडपड काहीच नाही, आणि घरात कप्पीची भाषा सुरू झाली. आम्ही उचललं नाही. त्याच दिवशी दुपारी ती वाळूत दोन हात पुढे सरपटली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागचं अंग दोनदा उचललं. तेव्हा पट्ट्यांत घेऊन तिला वर केलं. उजव्या पायावर पूर्ण भार, डाव्यावर खूर मुडपून. बारा मिनिटं उभी राहिली. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. चौथ्या दिवशी पहाटे पाणी द्यायला गेलेल्या मुलाला ती स्वतःच उभी दिसली, डावा पाय अजून ओढत.

प्रत्येक गाय इतकी नशीबवान नसते. चांगल्या वाळूत, वेळेवर कूस बदलूनही चार-पाच दिवसांत काहीच फरक नाही, खाणं सुटलं, सारखी आडवी पसरते, अंगाला जखमा पडू लागल्या, तर तिला अजून किती दिवस ठेवायचं हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोला, तिला त्रासातून सोडवण्याविषयीही. त्याउलट, जी खाते, सरपटते, धडपडते, तिला आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त वेळ द्या.

आणि ती उभी राहिली की तिला लगेच गोठ्यात कोब्यावर बांधू नका. निदान दोन दिवस वाळूतच मोकळी ठेवा, पायांत पट्टा असेल तर तो राहू द्या. पहिल्या दिवशी ती वारंवार बसेल आणि दर वेळी उठेलच असं नाही. सहा तास उठली नाही तर कूस बदलण्याचा खडू पुन्हा हातात घ्या.